सर्दीचा सहावा दिवस आणि नववा दिवस

मी सांगलीत विश्रामबागला जनरल प्रॅक्टिस करतो. पावसाळा संपता संपता दवाखान्यात सर्दीचीच रांग असते. गेल्या वर्षी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम करणारे एक पेशंट आले, वय चाळीसच्या आसपास. रुमाल उघडून मला दाखवला आणि म्हणाले, "डॉक्टर, बघा की, हिरवं पडतंय, इन्फेक्शन झालंय. त्या तीन दिवसाच्या तीन गोळ्या असत्यात न्हवं, त्याच द्या."

सहावा दिवस होता. गाल दोन्हीकडून जड, नाक बंद, ताप पहिल्या दोन दिवसात येऊन गेलेला, पण घसा बरा झालेला आणि झोप आदल्या रात्रीपेक्षा बरी लागलेली. मी अँटिबायोटिक दिलं नाही. ते नाराज झाले आणि ते साहजिक आहे, कारण हिरवा शेंबूड म्हणजे बॅक्टेरिया हे आपल्याकडं घराघरात पक्कं बसलंय. खरं तर तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो, त्यांच्यात एक हिरवट एन्झाइम असतं, आणि व्हायरसशी लढतानाही त्या पेशी नाकात गर्दी करतातच. म्हणून साध्या सर्दीतही तीन-चार दिवसांनी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो आणि पुढं परत पातळ होतो. रंगावरून काहीच ठरत नाही.

मग ते म्हणाले, एक्स-रे काढूया का. त्याचाही उपयोग नाही. 1994 साली अमेरिकेत नुकतीच सर्दी झालेल्या 31 जणांचे सीटी स्कॅन काढले होते, त्यातल्या 87 टक्के लोकांच्या गालातल्या सायनसमध्ये बिघाड दिसला, आणि दोन आठवड्यांनी परत स्कॅन केलेल्यांपैकी बहुतेकांचा तो अँटिबायोटिकशिवाय निवळला किंवा खूप कमी झाला होता. म्हणजे सर्दीत सायनस भरतोच, तो सर्दीचाच भाग आहे.

गालाच्या हाडातला सायनस म्हणजे एक पोकळी, आणि तिचं नाकात उघडणारं भोक तळाला नाही, वरच्या बाजूला असतं. घरावरच्या टाकीला नळ खाली नसून फक्त वर ओव्हरफ्लोचा पाइप असावा तसं. आतले बारीक केसांसारखे तंतू सारखे हलत राहून चिकट पाणी वर ढकलत नेतात म्हणून एरवी ती रिकामी राहते. सर्दीत भोकाला सूज येते, तंतू मंदावतात आणि पाणी साचतं. सूज उतरली की ते आपोआप निघून जातं, पण काही थोड्या लोकांत, मोठ्या माणसांच्या शंभर सर्द्यांमागं एखाद-दोन वेळा, त्या साचलेल्या पाण्यात बॅक्टेरिया वाढतात. तेव्हाच अँटिबायोटिकचा प्रश्न येतो.

ते ओळखायचं कॅलेंडरवरून. दहा दिवस झाले आणि त्रास जराही उतरला नाही, ही एक खूण. सुरुवातीलाच 102 च्या वर ताप आणि सोबत पुवासारखा शेंबूड किंवा चेहरा दुखणं, असं सलग तीन-चार दिवस राहिलं, ही दुसरी, आणि ही कमी दिसते. तिसरी मला सगळ्यात विश्वासाची वाटते: पाच-सहा दिवसांनी बरं वाटायला लागतं आणि मग एकदम परत बिघडतं, नवा ताप येतो, डोकं दुखतं, शेंबूड वाढतो. म्हणून मी त्यांना मीठपाण्यानं नाक धुवायला, पाणी मात्र उकळून गार केलेलंच घ्यायला सांगितलं, पॅरासिटामॉल दिली, आणि रोज कालपेक्षा बरं की वाईट एवढंच लिहून ठेवा म्हणालो.

सातव्या आणि आठव्या दिवशी "बरं" लिहिलं होतं. नवव्या दिवशी संध्याकाळी आले ते उजवा गाल धरूनच, ताप 101, वाकलं की ठणका मारतोय, उजवीकडच्या वरच्या दाढा दुखतायत, दाढ तपासली तर चांगली होती. ही तिसरी खूण. आता अँटिबायोटिक दिलं, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट, सात दिवस. ते म्हणाले, त्या तीन गोळ्या तेव्हाच दिल्या असत्या तर? मी त्यांना खरं ते सांगितलं. सहाव्या दिवशी व्हायरस होता, त्यावर गोळी चालत नाही, आणि ती आधी घेतल्यानं पुढचं बॅक्टेरियाचं दुखणं टळतं असंही नाही, उलट पोट बिघडतं आणि अंगातले बॅक्टेरिया तिला सरावतात. त्या तीन गोळ्यांचं अझिथ्रोमायसिन तर सायनसला मी पहिल्यांदा देतच नाही, कारण इथं मुख्य दोषी असलेला न्यूमोकॉकस हा बॅक्टेरिया त्याला बऱ्याचदा दाद देत नाही.

तब्येत एरवी चांगली असेल, त्रास फार नसेल आणि पेशंट परत यायची खात्री असेल तर खूण जुळल्यावरही काही दिवस थांबता येतं, बरेचजण तसेच बरे होतात. यांना शुगर होती म्हणून मी थांबलो नाही. आणि निघताना बायकोलाही बजावून सांगितलं, डोळ्याभोवती सूज आली, एकाचं दोन दिसायला लागलं, मान ताठली, बोलण्यात भ्रम आला, किंवा नाकातून काळपट काही पडलं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा. तसं काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी ताप गेला आणि पाचव्या दिवशी वाकून पोती मोजताना गाल दुखला नाही म्हणून त्यांनी स्वतः फोन केला.