एबीसी विश्लेषण (हॉटेलच्या कोठीघरातील साठा)

कोठीघरातल्या वस्तूंची त्यांच्या वापराच्या किमतीनुसार ए, बी आणि सी अशा तीन गटांत विभागणी करायची आणि मोजणी, वजन, कुलूप यांवरची मेहनत मुख्यतः ए गटावर खर्च करायची, अशी ही साठा-नियंत्रणाची पद्धत आहे. मोजक्या वस्तूंमध्ये बहुतेक पैसा अडकलेला असतो, या अनुभवावर ती उभी आहे. संपत्तीची वाटणी विषम असते हे इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकड्यांनी मांडले होते. तोच विचार कारखान्याच्या गोदामाला लावून जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील एच. फोर्ड डिकी यांनी 1951 मध्ये ए-बी-सी ही विभागणी मांडली. या नोंदीत ती खान्देशातल्या, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यातल्या शाकाहारी भोजनालयाच्या संदर्भात घेतली आहे.

विभागणीचा आधार एकच: एका महिन्यात वस्तू किती वापरली गेली, गुणिले तिचा दर. या गुणाकाराला वापरमूल्य म्हणतात. नुसता दर पाहून गट ठरवणे ही नेहमीची चूक. वेलची 3,000 रुपये किलो असली तरी महिन्याला 300 ग्रॅमच लागते, म्हणजे 900 रुपयांचा माल. उलट 30 रुपये किलोचा कांदा महिन्याला 320 किलो जातो आणि 9,600 रुपयांवर पोचतो. कुलपात मात्र वेलचीच असते, आणि कांद्याची गोणी मागच्या दाराशी उघडी.

महामार्गावरचे एक मध्यम भोजनालय उदाहरणादाखल घेऊ. शेवभाजी, पनीर आणि काजूचे पदार्थ, डाळ, कळण्याची भाकरी, हिवाळ्यात भरीत, असा त्याचा रोजचा धंदा. कोठीत 60 वस्तू आणि महिन्याचे एकूण वापरमूल्य 3,20,000 रुपये. सर्व वस्तूंची वापरमूल्ये काढून मोठ्याकडून लहानाकडे मांडली की यादीचा वरचा भाग असा दिसतो (भाव आणि वजने उदाहरणापुरती धरली आहेत):

| वस्तू | महिन्याचा वापर | दर (रु. किलो) | वापरमूल्य (रु.) |
|---|---|---|---|
| शेंगदाणा तेल | 360 किलो | 180 | 64,800 |
| पनीर | 150 किलो | 320 | 48,000 |
| काजू | 50 किलो | 800 | 40,000 |
| भाजीची तिखट शेव | 160 किलो | 200 | 32,000 |
| काळा मसाला | 45 किलो | 560 | 25,200 |
| तूप | 40 किलो | 600 | 24,000 |

या सहा वस्तूंची बेरीज 2,34,000 रुपये होते. म्हणजे यादीच्या दहाव्या हिश्श्यात 73 टक्के पैसा. त्यानंतर कांदा 9,600 वर येतो. तुपापासून कांद्यापर्यंत आकडा असा एकदम खाली पडतो, तिथेच ए गटाची रेघ ओढावी. पुस्तकात 70 किंवा 80 टक्के असे आकडे दिलेले असतात, पण ते खुणेपुरते. ठरलेला टक्का गाठायचा म्हणून कांद्याला ए मध्ये ओढण्याची गरज नाही. पुढच्या 14 वस्तू, म्हणजे कांदा, तूरडाळ, ज्वारी, उडीद, तांदूळ, दही, खोबरे, लसूण वगैरे, मिळून 60,000 रुपयांच्या होतात. हा बी गट. उरलेल्या 40 वस्तूंचे सगळे मिळून 26,000. मीठ, मोहरी, हळद, बडीशेप, कागदी रुमाल, पार्सलच्या पिशव्या यांचा हा सी गट.

मोजणीचा बेत यावरूनच ठरतो. ए गट रोज रात्री, गल्ला बंद झाल्यावर आणि दुसऱ्या दिवशीचा माल यायच्या आधी मोजतात. बी गट आठवड्यातून एकदा, सी गट महिनाअखेरीस. कोठीची किल्ली ज्याच्याकडे असते त्याने एकट्याने मोजू नये, सोबत मालक किंवा मॅनेजर असावा. साठही वस्तू रोज मोजायचा हुकूम निघाला की चार दिवसांत माणूस अंदाजाने आकडे भरू लागतो, आणि वहीत कधीही न चुकणारी शिल्लक दिसायला लागते. सहा वस्तू मात्र काट्यावर ठेवून खरोखर मोजून होतात.

मोजणीतही बारकावे आहेत. पनीर पाण्यात ठेवलेले असते, ते निथळून मगच वजन करावे. तेलाचा अर्धा डबा डोळ्यांनी न मापता काट्यावर ठेवून रिकाम्या डब्याचे वजन वजा करावे, कढईतले तेलही धरावे. तेलाच्या बाबतीत आणखी एक गफलत हमखास होते. बाजारात 15 किलोचा डबा मिळतो तसा 15 लिटरचाही मिळतो. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने 15 लिटर तेलाचे वजन साधारण 13.65 किलोच भरते. डबा आणला 15 लिटरचा आणि आवक वहीत लिहिला 15 किलो, तर दर डब्यामागे 1.35 किलो तेल कागदावर वाढते आणि महिनाअखेरीस ते गेले कुठे म्हणून शोध सुरू होतो. महिन्याचे 24 डबे धरले तर फरक 32 किलोंच्या पुढे, म्हणजे जवळजवळ 5,800 रुपयांचा. कोणी थेंबभर नेलेले नसते, आणि संशय मात्र भट्टीवरच्या पोरावर जातो.

नुसत्या शिल्लकीवरून काही कळत नाही. ती दोन आकड्यांची तुलना करण्यासाठी लागते. सुरुवातीची शिल्लक अधिक आवक वजा अखेरची शिल्लक हा प्रत्यक्ष वापर. विकलेल्या प्लेटा गुणिले प्लेटमागचे ठरलेले प्रमाण हा अपेक्षित वापर. वरच्या भोजनालयातले एका आठवड्याचे काजू पाहा. सोमवारी सकाळी 3.2 किलो शिल्लक होते, आठवड्यात 12 किलो आले, रविवारी रात्री 2.4 किलो उरले. म्हणजे 12.8 किलो वापरले गेले. बिलांनुसार काजू मसाला 110 प्लेटा गेला, प्रमाण 60 ग्रॅम, म्हणजे 6.6 किलो. काजूची पेस्ट पडणाऱ्या पनीरच्या भाज्या 260 प्लेटा, प्रत्येकी 15 ग्रॅम, म्हणजे 3.9 किलो. अपेक्षित वापर 10.5 किलो. 2.3 किलोंची तूट, म्हणजे आठवड्याला 1,840 रुपये.

अशा वेळी लगेच चोरीचा निष्कर्ष काढू नये. आधी बिलात न आलेल्या प्लेटा शोधाव्यात: परत आलेली भाजी, पाहुण्यांना दिलेली, कामगारांनी खाल्लेली. मग आचाऱ्याने भरलेल्या दहा प्लेटांतले काजू कढईत पडण्याआधी वजन करून पाहावेत. इथे सरासरी 80 ग्रॅम निघाले. आचारी मुठीने काजू घालत होता आणि त्याची मूठ उदार होती. जास्तीचे 20 ग्रॅम गुणिले 110 प्लेटा म्हणजे 2.2 किलो, जवळपास सगळी तूट तिथेच सापडली. दुपारच्या निवांत वेळेत 60 ग्रॅमच्या पुड्या बांधून ठेवल्या की हे थांबते. पुड्या बांधूनही फरक राहिला, तर मग किल्ली कोणाकडे असते हे पाहायचे. एवढी खोदाखोद सहा वस्तूंसाठी करता येते, साठांसाठी नाही.

खान्देशात एक वेगळीच अडचण येते, ती मसाल्याची. नंदुरबार आणि दोंडाईचा हे मिरचीचे मोठे बाजार. घरांप्रमाणे बरीच भोजनालयेही उन्हाळ्यात मिरची घेऊन, मसाला कुटून वर्षाची बेगमी करतात. वापराऐवजी खरेदीच्या बिलांवरून यादी केली तर एप्रिलमध्ये मसाला सगळ्यांच्या डोक्यावर बसतो आणि जुलैत यादीतून गायबच होतो. त्यामुळे वर्षाच्या साठ्यातून महिन्याला जेवढा मसाला स्वयंपाकघरात दिला तेवढाच धरायचा. बरणीतून काढताना वजन करून जावक वहीत लिहायचे. तसेच वर्षभराची बेगमी एकाच मोठ्या पिंपात न ठेवता महिन्याच्या वजनाच्या सीलबंद पिशव्या कराव्यात, म्हणजे रोजची मोजणी एका उघड्या पिशवीपुरती राहते.

दुसरी अडचण हंगामाची. जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ही हिरवी, मोठी वांगी थंडीत येतात आणि तेव्हा भरीत-भाकरीची मागणी दुपटी-तिपटीने वाढते. उन्हाळ्यात बी गटाच्या तळाशी असलेले वांगे डिसेंबरात ए मध्ये येऊ शकते. म्हणून यादी वर्षातून एकदाच न करता तीन महिन्यांनी नव्याने करावी, भाव उसळले तर मध्येच. वरच्या यादीतला कांदा 30 वरून 90 रुपयांवर गेला तर त्याचे वापरमूल्य 28,800 होते आणि तो तुपाच्या पुढे जातो. वांग्याच्या हिशेबात आणखी एक खाच आहे. भाजून, साल आणि देठ काढून गराचे वजन बरेच घटते. अपेक्षित वापर कच्च्या वांग्यावर मांडायचा की गरावर हे आधी ठरवून, आपल्याच भट्टीवर पाच-सहा किलो वांगी भाजून घट मोजून ठेवावी. कपाशीच्या पऱ्हाट्यांवरची घट आणि गॅसवरची घट सारखी असेलच असे नाही.

ही पद्धत पैसा कुठे आहे ते सांगते, काम कशामुळे अडेल ते सांगत नाही. सी गटातले मीठ, हळद किंवा पार्सलचे डबे संपले तर रविवारच्या गर्दीत भोजनालय तिथेच थांबते. त्यासाठी दोन पुड्यांची युक्ती पुरते: एक उघडी, एक सीलबंद, सीलबंद पुडी फोडली की त्याच दिवशी किराणावाल्याला सांगायचे, मोजायची गरज नाही. रुग्णालयांच्या औषधभांडारात यासाठी अत्यावश्यक, आवश्यक आणि इष्ट अशी वेगळी विभागणी एबीसीच्या जोडीने वापरतात. नासणारा माल तपासायचा तो नासतो म्हणून. दही स्वस्त असले तरी रोज पाहावेच लागते.

पंधरा-वीस वस्तूंवर चालणाऱ्या घरगुती खानावळीत गट पाडण्यात अर्थ नाही, तिथे सगळेच रोज नजरेखालून जाते. लग्नाच्या आचाऱ्यालाही ही पद्धत महिन्याच्या हिशेबाने लागू पडत नाही, कारण त्याचा माल एका पंगतीसाठी येतो आणि उरलेला बहुधा यजमानाच्या घरी जातो. तिथे विश्लेषण करायचे तर प्रत्येक पंगतीच्या यादीवर, आणि मोजायचे ते तेल, तूप आणि सुकामेवा: मांडवात उतरवताना एकदा, आचारी निघताना एकदा.