डावीकडे वळायला सिग्नल लागतो का? हिरवा बाण, वळणाची लेन आणि फ्री लेफ्ट

(आमच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या शिकाऊ आणि जुन्या ग्राहकांसाठी)

क्लासला येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला गाडीत बसण्याआधीच एक गोष्ट पाठ असते : "लेफ्ट फ्रीच असतो." घरातल्या मोठ्यांनी सांगितलेलं असतं आणि पुण्यातल्या कुठल्याही चौकात दोन मिनिटं उभं राहिलं तर तसंच दिसतंही. पण ते खरं नाही. लाल दिवा सरळ जाणाऱ्याला थांबवतो तसाच डावीकडे वळणाऱ्यालाही थांबवतो. लाल असताना डावीकडे वळायची मुभा फक्त तीन ठिकाणी मिळते : डावीकडचा हिरवा बाण लागला असेल, फ्री लेफ्टचा बोर्ड लावलेला असेल, किंवा सिग्नलच्या अलीकडेच बेट घालून डावीकडची लेन वेगळी काढलेली असेल. यातलं काहीच नसेल तर स्टॉप लाइनच्या मागे थांबायचं. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाल दिवा तोडणं हे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, म्हणजे 184 मध्ये, नाव घेऊन घातलेलं आहे.

आधी गोल हिरवा आणि बाण यांतला फरक बघू. गोल हिरवा दिवा तुम्हाला निघायला परवानगी देतो, वाट मोकळी असल्याची हमी देत नाही. उजवीकडे वळायचं असेल तर समोरून सरळ येणाऱ्यांना आधी जाऊ द्यावं लागतं. बाण फक्त तो दाखवतो त्याच दिशेला सोडतो, आणि तो लागलेला असताना समोरच्यांना साधारणपणे लाल असतो. म्हणून बाणावर उजवं वळण सोपं जातं आणि गोल हिरव्यावर अवघड. आपल्याकडे बऱ्याच चौकांत चारही बाजू एकामागून एक सुटतात. तिथे गोल हिरव्यावरही समोरून कुणी येत नाही आणि आपल्याला तशीच सवय लागते. मग समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकाच वेळी सुटणारा चौक लागला की त्याच सवयीने उजवीकडे गाडी घातली जाते. नवीन चौकात पहिल्यांदा उजवीकडे वळताना समोरची गाडी खरोखर थांबलेली आहे ना, हे डोळ्यांनी बघा.

उजवा बाण बऱ्याचदा थोडाच वेळ असतो. समजा तो 15 सेकंदांचा आहे. पहिली गाडी हलायला दोनेक सेकंद जातात आणि पुढे एका लेनमधून साधारण दोन सेकंदांना एक गाडी सुटते. म्हणजे सहा-सात गाड्या निघाल्या की बाण संपला. तुम्ही दहावे असाल तर या फेरीत तुमचा नंबर नाही, हे उभं असतानाच कळतं. पुढच्याच्या मागे चिकटून घुसायचं कारण उरत नाही. बाण विझताना तुम्ही चौकाच्या मध्यात असाल तर वळण पूर्ण करून बाहेर पडा. स्टॉप लाइनच्या मागे असाल तर थांबा.

आता लेनबद्दल. रस्त्यावर रंगवलेला बाण लेन कुणासाठी आहे ते सांगतो. लेनमध्ये फक्त डावा बाण असेल तर सरळ जाणाऱ्याने तिथे उभं राहायचं नाही, कारण त्याच्या एका रिक्षेमागे डावीकडे जाणारे सगळे अडकतात. पण डावा आणि सरळ असा जोडबाण असेल तर ती लेन दोघांचीही आहे. तिथे सरळ जायचं म्हणून तुम्ही लाल दिव्याला उभे असाल आणि मागचा हॉर्न वाजवत असेल, तर त्याच्यासाठी स्टॉप लाइन ओलांडायची नाही. लाइन ओलांडल्याचं चलन तुमच्या नावावर येतं. चुकीच्या लेनमध्ये शिरलात तर लेन नेईल तिकडे जा आणि पुढच्या चौकातून वळून या. दुसऱ्या लेनमधून आयत्या वेळी डावीकडे कापताना सर्वात आधी सापडतो तो आपल्या डावीकडून सरळ चाललेला दुचाकीवाला.

ज्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ देतो ते वळण म्हणजे बोर्ड लावलेला खरा फ्री लेफ्ट. त्या बोर्डाचा अर्थ "न थांबता जा" असा नाही. सिग्नलसाठी अडून राहू नका, पण बाकी सगळ्यांना वाट देऊन जा, एवढंच तो सांगतो.

आमच्याकडच्या एका ताईंचं उदाहरण देतो. लाल लागलेला, डावीकडे फ्री लेफ्टचा बोर्ड, त्या डाव्या लेनमध्ये सर्वांत पुढे. उजवीकडे अगदी खेटून पीएमपीची बस उभी. मागून हॉर्न सुरू झाले तशा ताई क्लच सोडू लागल्या. मी म्हटलं, "ताई, पाय ब्रेकवरच ठेवा. बसच्या पुढून काय येतंय ते आपल्याला दिसत नाहीये." दुसऱ्याच क्षणाला बसच्या नाकाजवळून भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा आमच्या बॉनेटसमोर आले. ते झेब्रावरूनच आणि अगदी योग्य वेळी चालले होते. आपल्याला लाल असतो तेव्हाच आपल्यासमोरच्या झेब्रावरून माणसं रस्ता ओलांडतात, आणि फ्री लेफ्टवाला नेमका त्यांच्यामधून जातो. म्हणून शेजारी बस किंवा टेम्पो उभा असेल तर त्याच्या पुढचं दिसेपर्यंत गाडी चालण्याच्या वेगापेक्षा जोरात न्यायची नाही.

आजोबा पलीकडे गेल्यावर ताईंना मी दोन ठिकाणी बघायला सांगितलं. आपण ज्या रस्त्याला लागणार, त्या रस्त्यावर आपल्या लालाच्या वेळात दोन बाजूंनी गाड्या येतात. एक म्हणजे उजव्या हाताकडून सरळ येणाऱ्या, दुसऱ्या म्हणजे समोरून येऊन त्यांच्या उजवीकडे वळणाऱ्या. उजवीकडे सगळेच बघतात, समोरून वळणारा मात्र राहून जातो, आणि तो तर बाणावर निघालेला असल्याने निर्धास्त येतो. दोन्हीकडून वाट मोकळी झाल्यावर ताई अगदी डाव्या कडेच्या लेनमध्ये वळल्या. तेवढ्यात तिथला दुसरा झेब्रा आला. त्यावरही माणूस असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं. या सगळ्याला मोजून सात-आठ सेकंद लागले.

बेट घालून वेगळी काढलेली लेन असेल तरी हाच क्रम. तिथे मुख्य सिग्नल तुम्हाला लागू नसतो, पण लेन रस्त्याला मिळते त्या जागी रस्त्यावरच्यांचा हक्क पहिला. डावीकडे वळणाऱ्या बसच्या किंवा ट्रकच्या आत, डाव्या अंगाला, दुचाकी कधीच घालू नका. लांब गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून वळतं, आणि कडेला दिसणारी मोकळी जागा काही क्षणांत बंद होते.

चौकात ट्रॅफिक पोलीस हाताने इशारा करत असतील तर दिवा, बाण, बोर्ड सगळं बाजूला. त्यांचा हात शेवटचा. हिरवा असताना त्यांनी थांबवलं तर थांबायचं.

ज्यांचं लायसन्स झालेलं आहे पण चौकातलं वळण अजून बिचकत घेतात, त्यांच्यासाठी एक तासाची वेगळी फेरी ठेवली आहे. ती सकाळी सातला, रहदारी वाढायच्या आत सुरू होते. येताना तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा अडचणीचा चौक कोणता तेवढं सांगा. त्याच चौकात जाऊन आधी कडेला उभं राहून सिग्नलच्या दोन फेऱ्या बघू, कोणती बाजू कोणाबरोबर सुटते ते कागदावर उतरवू, आणि मग गाडी घालू.