दांडी, खिळा आणि मातीचा गोळा: घूर्णन गतीच्या उत्तराचा ताळा

गुळगुळीत आडव्या पृष्ठभागावर २ मीटर लांबीची, ३ किलोची सरळ दांडी पडली आहे. तिचं एक टोक खिळ्यात असं अडकवलंय की दांडी त्या खिळ्याभोवती मोकळी फिरेल. १ किलोचा ओल्या मातीचा गोळा ६ मीटर प्रतिसेकंद वेगाने सरकत येतो, दांडीच्या मोकळ्या टोकाला काटकोनात धडकतो आणि तिथेच चिकटतो. दांडी किती वेगाने फिरू लागेल?

हे गणित मी अनेकदा घातलं आहे आणि वह्यांमध्ये हमखास दोन उत्तरं येतात. काहींचं १.५ रेडियन प्रतिसेकंद, काहींचं २.४. दोन्ही वह्यांत पायऱ्या नीट मांडलेल्या असतात, एककं बरोबर असतात, गुणाकार-भागाकारही बिनचूक असतो. चूक असते ती फक्त अक्षाची.

रीत दोघांचीही तीच. धडकेच्या क्षणी खिळा दांडीला ढकलतो, पण तो बलाचा धक्का खिळ्यातूनच जातो. त्यामुळे खिळ्याभोवती त्याचं आघूर्ण शून्य, आणि खिळ्याभोवतीचा कोनीय संवेग धडकेआधी जेवढा तेवढाच नंतर. आधी तो सगळा गोळ्याकडे आहे: १ × ६ × २ = १२. धडकेनंतर दांडी आणि गोळा मिळून फिरतात, म्हणून १२ ला दोघांच्या एकत्रित जडत्व आघूर्णाने भागायचं. गोळ्याचं जडत्व आघूर्ण १ × २² = ४. दांडी टोकाभोवती फिरते आहे, म्हणून तिचं ML²/3, म्हणजे ४. बेरीज ८, आणि उत्तर १.५. दुसऱ्या वहीत दांडीसाठी ML²/12 वापरलेलं असतं. ते सूत्र दांडी मध्याभोवती फिरत असेल तेव्हाचं. त्याने दांडीचं जडत्व आघूर्ण १ येतं, बेरीज ५ आणि उत्तर २.४.

आता २.४ वाला विद्यार्थी प्रामाणिकपणे ताळा करून बघतो. गोळा चिकटला आहे, तेव्हा गतिज ऊर्जा कमी व्हायलाच हवी. आधी ती १८ ज्यूल होती. नंतरची तो काढतो: अर्धा × ५ × २.४², म्हणजे १४.४ ज्यूल. कमी झाली, म्हणून तो खूण करून पुढच्या गणिताकडे वळतो. इथेच घात होतो. ऊर्जा काढताना त्याने जडत्व आघूर्ण तेच चुकीचं वापरलं, म्हणून चुकीनेच चुकीला साक्ष दिली. खऱ्या ८ ने हिशेब केला, तर २.४ या वेगाला सुमारे २३ ज्यूल लागतात. गोळ्याने आणलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त, म्हणजे अशक्य. ताळ्याला किंमत तेव्हाच असते, जेव्हा त्यातला निदान एक आकडा मूळ गणितातून उचललेला नसतो.

असा स्वतंत्र आकडा मिळवायला सूत्रांचा तक्ता लागत नाही. दांडीचे मनातल्या मनात चार सारखे तुकडे करा. प्रत्येक तुकडा पाऊण किलोचा, आणि त्यांचे मध्य खिळ्यापासून ०.२५, ०.७५, १.२५ आणि १.७५ मीटरवर. या अंतरांच्या वर्गांची बेरीज ५.२५ येते, तिला ०.७५ ने गुणलं की ३.९४. म्हणजे ४ च्या अगदी जवळ, आणि १ पासून फार लांब. हे करताना एक गोष्ट डोळ्यांसमोर येते, जी ML²/3 लिहिताना येत नाही: निम्म्याहून अधिक वाटा एकट्या शेवटच्या तुकड्याचा आहे. अंतराचा वर्ग होतो, म्हणून अंतर मोजायला सुरुवात कुठून केली यावर सगळं ठरतं. तेच तुकडे मध्यापासून मोजले तर अंतरं ०.२५ आणि ०.७५ अशी दोन-दोनदा येतात आणि उत्तर ०.९४ वर येतं. दांडी तीच, वस्तुमान तेच, आणि आकड्यात चौपट फरक.

अंतराची चूक याहून लपून बसते. समजा गोळा काटकोनात न येता दांडीशी ३० अंशांचा कोन करून टोकाला धडकला. कोनीय संवेगात जे अंतर येतं, ते खिळ्यापासून गोळ्याच्या मार्गरेषेवर टाकलेल्या लंबाचं. ते आता २ नव्हे, १ मीटर. कोनीय संवेग ६ होतो. पण चिकटल्यानंतर गोळा फिरतो तो खिळ्यापासून २ मीटरवरच, म्हणून त्याचं जडत्व आघूर्ण अजूनही ४ आहे. उत्तर ६ भागिले ८, म्हणजे ०.७५. एकाच गणितात, एकाच गोळ्यासाठी दोन वेगळी अंतरं वापरायची असतात, आणि दोन्हींसाठी वहीत बहुधा r हे एकच अक्षर असतं. मग लंबाचं अंतर दोन्हीकडे जातं, बेरीज ८ ऐवजी ५ होते आणि उत्तर १.२ येतं. तेही तसं पटण्यासारखं दिसतं.

इथे माझा आवडता उपाय म्हणजे दांडीचं वस्तुमान शून्य धरून बघणं. गोळ्याच्या वेगाचा दांडीच्या रेषेतला भाग खिळा थोपवतो, पण दांडीला लंब असलेला भाग वजनच नसलेली दांडी कमी करू शकत नाही, ती फक्त गोळ्याला वर्तुळात वळवते. हा लंब भाग ३ मीटर प्रतिसेकंद आहे, तेवढाच उरला पाहिजे. बरोबर मांडणीत ६ भागिले ४ म्हणजे १.५ रेडियन प्रतिसेकंद, त्याला २ मीटरने गुणलं की ३. जुळलं. चुकीच्या मांडणीत ६ भागिले १, आणि टोकाचा वेग १२ मीटर प्रतिसेकंद! गोळा आला ६ ने आणि चिकटल्यावर धावू लागला १२ ने. मूळ आकड्यांत दडून राहिलेली चूक दांडीचं वजन काढून घेताच उघडी पडते.

आता खिळा काढून टाकू. दांडी मोकळी पडली आहे, गोळा पुन्हा काटकोनात तिच्या टोकाला धडकून चिकटतो. आता फिरण्याचा अक्ष आपल्याला कोणी दिलेला नाही. वह्यांमध्ये बहुतेक जण दांडीचा मध्य धरतात: कोनीय संवेग १ × ६ × १ = ६, जडत्व आघूर्ण दांडीचं १ आणि गोळ्याचं १, मिळून २, उत्तर ३. हे चूक आहे, कारण गोळा चिकटल्यावर वस्तुमान केंद्र दांडीच्या मध्यावर राहत नाही. ते गोळ्याच्या बाजूला पाव मीटर सरकतं. गोळ्यापासून ते ०.७५ मीटरवर. त्याच्याभोवती दांडीचं जडत्व आघूर्ण, समांतर अक्षाच्या प्रमेयाने, १ + ३ × ०.२५² = १.१८७५. गोळ्याचं ०.७५² = ०.५६२५. बेरीज १.७५. कोनीय संवेग १ × ६ × ०.७५ = ४.५. उत्तर ४.५ भागिले १.७५, म्हणजे २.५७ रेडियन प्रतिसेकंद. आणि हे सगळं फिरतं धूड १.५ मीटर प्रतिसेकंद वेगाने पुढे सरकत राहतं.

हे उत्तर खरं कशावरून? अक्ष बदलून बघा. जमिनीवर स्थिर असा कुठलाही बिंदू घ्या, त्याच्याभोवती कोनीय संवेग कायमच राहतो, आणि दांडीच्या वेगाला आपण कुठला बिंदू निवडला याच्याशी देणंघेणं नाही. धडक झाली तोच बिंदू घेऊ. गोळा थेट त्याच बिंदूकडे येत होता, म्हणून आधीचा कोनीय संवेग शून्य! पहिल्यांदा हे पाहणारे बिचकतात, कारण दांडी तर फिरताना दिसते आहे. पण नंतरच्या कोनीय संवेगाला दोन भाग असतात. एक वस्तुमान केंद्राभोवती फिरण्याचा, १.७५ गुणिले कोनीय वेग. दुसरा, संपूर्ण वस्तूच्या पुढे सरकण्याचा: ४ किलो × १.५ × ०.७५ मीटर, म्हणजे ४.५, आणि तो उलट दिशेचा. दोहोंची बेरीज शून्य व्हायची, तर कोनीय वेग २.५७ च हवा. आता दांडीचा मध्य मुळात जिथे होता, तो बिंदू घ्या. आधी ६, नंतर फिरण्याचा भाग अधिक सरकण्याचा ४ × १.५ × ०.२५ = १.५. उरले ४.५, म्हणजे परत २.५७. मध्य घेणं ही चूक नव्हतीच. मध्य घेऊन सरकण्याचा हा १.५ चा भाग विसरणं, आणि वस्तू तिथेच खिळून फिरते असं धरून चालणं, ही चूक होती.

मोकळ्या दांडीला साध्या, सरळ रेषेतल्या संवेगाचाही ताळा लागू पडतो, कारण बाहेरून कोणी ढकलत नाही. गोळ्याचा वेग आता १.५ + २.५७ × ०.७५, म्हणजे ३.४३. दांडीच्या मध्याचा वेग १.५ − २.५७ × ०.२५, म्हणजे ०.८६. एक किलोचे ३.४३ आणि तीन किलोंचे २.५७, बेरीज ६. आधीही ६ च होता.

हाच ताळा खिळ्याच्या गणिताला लावला की मात्र गंमत होते. तिथे बरोबर उत्तर १.५ घेतलं तर गोळ्याचा वेग ३, दांडीच्या मध्याचा १.५, आणि एकूण संवेग ३ + ४.५ = ७.५. सहाचे साडेसात झाले! काही हुशार मुलं इथे अडतात आणि बरोबर उत्तर खोडतात. जास्तीचा दीड खिळ्याकडून आला आहे. तो पुढच्या दिशेने का, हे मोकळ्या दांडीला विचारावं. तिचं लांबचं टोक वस्तुमान केंद्रापासून १.२५ मीटरवर आहे, त्याचा वेग १.५ − ३.२१, म्हणजे उणे १.७१. ते टोक मागे जातं. खिळा असताना त्याला मागे जाता येत नाही, खिळा त्याला पुढे ढकलून जागेवर ठेवतो, आणि तो ढकलण्याचा संवेग बेरजेत येतो.

मग धडक टोकाऐवजी खिळ्याच्या जवळ सरकवत नेली तर? खिळ्यापासून दोन तृतीयांश लांबीवर, म्हणजे १.३३ मीटरवर, गोळा काटकोनात धडकू दे. कोनीय संवेग ८, जडत्व आघूर्ण ४ + १.७८ = ५.७८, कोनीय वेग १.३८. गोळ्याचा संवेग १.८५, दांडीचा ४.१५, बेरीज बरोबर ६. खिळ्याने काहीच दिलं नाही. या एका जागी खिळा असला काय नि नसला काय, धडकेनंतरचा कोनीय वेग तोच यायला हवा. म्हणून खिळा काढून, नव्या वस्तुमान केंद्राभोवती तेच गणित पुन्हा करून बघा. केंद्र आता गोळ्यापासून पाव मीटरवर आहे, कोनीय संवेग १.५, जडत्व आघूर्ण १.०८. भागाकार पुन्हा १.३८ येतो.