कुत्र्याला बेदाणे का देऊ नयेत : एका इशाऱ्याची पार्श्वभूमी

पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांसाठी केलेल्या एका व्हिडिओत एकच चूक दाखवली आहे : शिऱ्यातले बेदाणे किंवा ताटातली द्राक्षे कौतुकाने कुत्र्याला भरवणे. त्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, पण पशुवैद्यांनाही हा धोका फार जुन्या काळापासून ठाऊक नव्हता.

अमेरिकेतील एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या प्राणी विषबाधा केंद्रात 1989 च्या सुमारास द्राक्षे किंवा बेदाणे खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी दिसू लागल्या. तेथील तज्ज्ञांनी 2001 मध्ये अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात पत्र लिहून ही बाब मांडली. कारण मात्र सापडेना. कीटकनाशके, बुरशीचे विष, जड धातू असे संशय तपासले गेले, पण घरच्या, न फवारलेल्या द्राक्षांनीही बाधा होत असल्याने ते टिकले नाहीत. त्यातच एक कुत्रा मूठभर बेदाणे पचवी, तर दुसरा थोडक्यातच आजारी पडे.

धागा मिळाला तो मुलांच्या खेळण्याच्या कणकेतून. घरी मळलेली अशी कणीक खाल्लेल्या एका कुत्र्याला उलट्या होऊन मूत्रपिंडांचा तोच विकार जडला. त्या कणकेत क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार, भरपूर होता आणि हेच आम्ल द्राक्षांतही असते. त्यावरून 2021 मध्ये याच केंद्रातील तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. द्राक्षाच्या वाणानुसार आणि पिकण्यानुसार त्याचे प्रमाण बदलते, म्हणून परिणामही बेभरवशाचा असतो, हे स्पष्टीकरण मला तरी पटण्याजोगे वाटते. पुढच्या वर्षी याच संशोधनात चिंचेमुळे झालेल्या बाधेचीही नोंद झाली, आणि आपल्याकडे आमटी-भात खाणाऱ्या कुत्र्यांच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे.

नाशिकची द्राक्षे असोत की तासगावचे बेदाणे, फरक फक्त तीव्रतेचा. साधारण चार किलो द्राक्षे वाळून एक किलो बेदाणा होतो, त्यामुळे लहानशा मुठीतही आम्ल बरेच जाते.

पशुवैद्यांचा इशारा या अनिश्चिततेतूनच आला आहे. सुरक्षित मात्रा ठरलेली नसल्याने 'दोनच दाणे खाल्ले' असे म्हणून वाट पाहू नये. उलट्या बहुधा पहिल्या दिवसातच सुरू होतात, पण मूत्रपिंडांवरचा परिणाम एक ते तीन दिवसांत उघड होतो, आणि लघवी कमी होऊ लागेपर्यंत उपचाराची उत्तम वेळ निघून गेलेली असते. खाल्ल्यानंतर लगेच नेल्यास डॉक्टर औषधाने उलटी करवतात, शिरेतून सलाईन देतात आणि मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनीन पुन्हा पुन्हा तपासतात. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे मात्र टाळावे, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते.