पैसे आले, पण खरेदी दिसली नाही

इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीवर टिचकी मारून एक बाई साड्यांच्या दुकानाच्या वेबसाइटवर येतात. साडी निवडतात, पत्ता भरतात आणि पैसे यूपीआयने द्यायचं ठरवतात. त्या क्षणी ब्राउझर मागे पडतो आणि पेमेंटचं अ‍ॅप पुढे येतं. पिन टाकला, हिरवी खूण आली, काम झालं. आता ब्राउझरमध्ये परत जाऊन 'ऑर्डरबद्दल आभार' हे पान कशाला बघायचं? बाई फोन बाजूला ठेवतात.

दुकानदाराला पैसे मिळतात. जाहिरातीच्या हिशेबात मात्र ही विक्री झालेलीच नसते, कारण ती मोजणारा कोड त्या आभाराच्या पानावर बसवलेला असतो. इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीच्या जाहिरातींसाठी वापरला जाणारा हा जावास्क्रिप्टचा तुकडा 'पिक्सेल' नावाने ओळखला जातो. पान उघडलं, की तो ग्राहकाच्या ब्राउझरमधून `Purchase` असा निरोप पाठवतो. पान उघडलंच नाही, तर निरोप कुठून जाणार? अ‍ॅड ब्लॉकर असेल, तर पान उघडूनही निरोप अडतो.

यावरचा उपाय म्हणजे तोच निरोप दुकानाच्या सर्व्हरवरून पाठवणे. मेटाकडे यासाठी 'कन्व्हर्जन्स एपीआय' आहे. पैसे जमा झाले, की पेमेंट गेटवे दुकानाच्या सर्व्हरला स्वतःहून कळवतो. त्याला वेबहुक म्हणतात. ग्राहक परत आला किंवा नाही, याचा वेबहुकशी संबंध नसतो. म्हणून मोजणी तिथूनच सुरू करायला हवी. आभाराचं पान उघडल्यावरच सर्व्हरने निरोप पाठवावा, अशी रचना पुष्कळ ठिकाणी केलेली दिसते. तिने ब्लॉकरची अडचण काहीशी सुटते, पण यूपीआयची गळती जशीच्या तशी राहते.

एकाच खरेदीचे निरोप आता दोन वाटांनी जाणार. ते एकच आहेत हे मेटाला कळावं, म्हणून दोन्हींवर इव्हेंटचं नाव आणि ओळखक्रमांक सारखाच लागतो. ऑर्डर क्रमांक यासाठी उत्तम:

```json
{
  "event_name": "Purchase",
  "event_id": "order_5821",
  "action_source": "website"
}
```

ब्राउझरच्या निरोपात हाच क्रमांक `eventID` म्हणून जातो. 48 तासांच्या आत असे जुळणारे निरोप आले, तर एकच धरला जातो. क्रमांक जुळले नाहीत, तर मेटाच्या अहवालातल्या खरेद्या प्रत्यक्ष ऑर्डरींपेक्षा जास्त दिसू लागतात. गडबड ओळखण्याची ही सर्वात सोपी खूण.

गळती नेमकी कुठे आहे, हे शोधण्यासाठी दोन याद्या शेजारी ठेवायच्या. समजा, आठवड्यात 1000 ऑर्डरी आल्या आणि ब्राउझरकडून 795 कळल्या. 205 कमी, एवढ्यावर थांबलो तर काहीच उमगत नाही. पैसे देण्याच्या पद्धतीप्रमाणे त्या वेगळ्या करू. कार्डाने 300 ऑर्डरी, त्यांतल्या 279 दिसल्या. घरपोच रोख देण्याच्या 200, दिसल्या 186. यूपीआयच्या 500, दिसल्या फक्त 330. कार्ड आणि रोख, दोन्हींत गळती 7 टक्के आहे. यूपीआयमध्ये ती 34 टक्के. ब्लॉकरला कोण कसे पैसे देतो याच्याशी देणंघेणं नसतं, तेव्हा त्याची 7 टक्के गळती यूपीआयमध्येही धरली तर 35 ऑर्डरी होतात. उरलेल्या 135 अ‍ॅप बदलताना हरवल्या. (यूपीआयवाले बहुतेक मोबाइलवरचे असतात, म्हणून तुलना फक्त मोबाइलवरच्या ऑर्डरींची केली तर निष्कर्ष अधिक पक्का.)

निरोप पोहोचला म्हणजे काम संपलं, असं मात्र नाही. ही खरेदी कोणत्या खात्याच्या माणसाने केली, हे मेटाला जुळवता आलं पाहिजे. सर्व्हरने सोबत दिलेली माहिती त्यासाठी किती उपयोगी पडते, हे 'इव्हेंट मॅच क्वालिटी' हा दहापैकी दिला जाणारा गुण सांगतो. ईमेल आणि जाहिरातीवरच्या टिचकीची खूण यांना त्यात मोठं वजन असतं. शहर किंवा पिनकोड यांना कमी.

इथे एक विचित्र गोष्ट घडते. वेबहुकवरून मोजणी सुरू केली, की हा गुण घसरू शकतो, समजा 8 वरून 6 वर. दुकानदार घाबरतो आणि जुनी रचना परत आणतो. खरं तर घसरण्याचं कारण साधं आहे. गुण फक्त पोहोचलेल्या निरोपांवरून काढला जातो, हरवलेल्यांची त्यात नोंदच नसते. आधी ब्राउझरमध्ये परत आलेल्या ग्राहकांचेच निरोप जात होते आणि त्यांच्यासोबत कुकीजही होत्या. आता हरवलेल्या 135 ऑर्डरीही आत आल्या, पण वेबहुक येताना ग्राहकाचा ब्राउझर समोर नसतो. म्हणून ब्राउझरची ओळख ठेवणारी `_fbp` आणि जाहिरातीवरच्या टिचकीची खूण ठेवणारी `_fbc` या कुकीज रिकाम्या राहतात. प्रोग्रामरने आलेल्या विनंतीचाच आयपी पत्ता उचलला असेल, तर तो गेटवेच्या सर्व्हरचा निघतो. शंका आली तर नोंदी उघडाव्यात. शेकडो ग्राहकांचा आयपी एकच दिसला, तर हेच झालेलं असतं.

इलाज असा, की ग्राहक 'पैसे द्या' हे बटण दाबतो त्याच क्षणी, म्हणजे तो अजून ब्राउझरमध्ये असताना, दोन्ही कुकीज, खरा आयपी आणि ब्राउझरची माहिती ऑर्डरच्या नोंदीत ठेवायची. वेबहुक आला, की ती नोंद काढून निरोपाला जोडायची. तरी काही ऑर्डरींत टिचकीची खूण सापडणार नाही. जावास्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीज सफारी 2019 पासून जास्तीत जास्त 7 दिवस टिकू देतो, आणि जाहिरातीच्या दुव्यावरून आल्यास काही वेळा 24 तासच. दहा दिवस विचार करून खरेदी करणाऱ्याची खूण तोवर पुसलेली असते.

फोन नंबर आणि ईमेल उघडे पाठवत नाहीत. एसएचए-256 या पद्धतीने त्यांचं 64 अक्षरांच्या हॅशमध्ये रूपांतर होतं. मूळ मजकुरात एका खुणेचा फरक पडला, तरी हॅश पूर्ण बदलतो. मेटाला नंबर देशाच्या कोडसह हवा असतो. 91 न जोडता नुसत्या दहा अंकांचा हॅश पाठवला, तर तो कुठेच जुळत नाही. याहून वाईट चूक म्हणजे रिकाम्या रकान्याचा हॅश पाठवणे. तो नेहमी `e3b0c442` ने सुरू होतो. नोंदींत तो पुन्हा पुन्हा दिसला, तर ज्यांनी ईमेल दिलाच नाही, त्या सगळ्यांना तुम्ही एकच ईमेल चिकटवला आहे.

हॅश केलं म्हणजे ओळख लपली, असं कोणी सांगितलं तर मला ते मान्य नाही. भारतातले मोबाइल नंबर 6 ते 9 या अंकांनी सुरू होतात, म्हणजे शक्य नंबर फार तर 400 कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड तेवढे हॅश सेकंदांत काढून मूळ नंबर शोधू शकतं. जुळवणी चालते तीच मुळी हॅश माणसाकडे बोट दाखवतो म्हणून.

म्हणून त्या 205 ऑर्डरींकडे मी एकाच नजरेने बघत नाही. 135 जणांनी काहीच नाकारलं नव्हतं, ते फक्त ब्राउझरमध्ये परतले नाहीत. उरलेल्या 70 मध्ये अनेकांनी ब्लॉकर जाणूनबुजून बसवलेला असणार. सर्व्हर दोघांचीही माहिती सारख्याच सहजतेने पाठवू शकतो, आणि त्यांच्या ब्राउझरला ते कळणारही नाही. ऑर्डरच्या नोंदीत कुकीजशेजारी आणखी एक रकाना हवा: या ग्राहकाने संमती दिली होती का? तो रकाना 'नाही' असेल, तर निरोप जाता कामा नये. मग मेटाकडे 1000 ऐवजी 940 दिसल्या, तर त्या 60 ची दुरुस्ती करायची नसते.