मेडिकलमध्ये एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं? दुसरी कार्ड टेस्ट करण्याआधी हे वाचा

महिन्यातून चार-पाच जण तरी एकच कागद घेऊन आमच्या काउंटरला येतात. मुंबईला किंवा पुण्याला व्हिसाचं मेडिकल झालेलं असतं, रिपोर्टवर 'एचबीएसएजी : रिॲक्टिव्ह' लिहिलेलं असतं, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं अँटिजेन रक्तात सापडलेलं असतं, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "हीच टेस्ट परत करून द्या, निगेटिव्ह येते का बघू." करून द्यायला आमचं काही जात नाही, उलट पैसेच मिळतात. पण त्या पैशांत तुमचा काहीच फायदा होत नाही आणि दोन-चार आठवडे मात्र हातचे जातात. प्रत्येकाला उभ्या उभ्या हे समजावणं जमत नाही, म्हणून हे पत्रक छापलं.

मेडिकल करणाऱ्या पॅनेल डॉक्टरांनी तुमचा पासपोर्ट बघून, फोटो जुळवून रक्त घेतलेलं असतं आणि त्याचा निकाल त्यांच्या सिस्टीममधून थेट त्या देशाकडे जातो. इकडच्या एखाद्या लॅबमधल्या निगेटिव्ह कार्डने तो निकाल पुसला जात नाही. मग तिकडून पत्र येतं, आणि त्यात बहुतेक वेळा पोटविकार किंवा लिव्हरच्या तज्ज्ञाचा अहवाल मागितलेला असतो. त्यांना चार गोष्टी कळायला हव्या असतात : संसर्ग खरा आहे का, जुना आहे की ताजा, लिव्हर कितपत ठीक आहे, आणि रक्तात विषाणू किती आहे. एकटी एचबीएसएजी टेस्ट दहा वेळा केली तरी यातल्या शेवटच्या तिन्हींचं उत्तर तिच्यात नसतं.

कागलच्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. त्याला विचारूनच सांगतोय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. वय एकोणतीस, पंचतारांकित एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम, न्यूझीलंडची नोकरी हातात. मेडिकलमध्ये पॉझिटिव्ह आल्यावर त्याने पाच आठवड्यांत तीन ठिकाणी कार्ड टेस्ट केली. दोन पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. त्या एका निगेटिव्हवर त्याचा सगळा जीव. कार्डवर रेघ फिकट असली, अँटिजेनचं प्रमाण कमी असलं किंवा वेळेआधी वाचलं तर खरा पॉझिटिव्हसुद्धा निसटतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मधल्या काळात मित्राच्या सल्ल्याने मेडिकल दुकानातून हिपॅटायटिस बीची लस आणून टोचूनही घेतली होती. तज्ज्ञाच्या अहवालाची मुदत संपायला दोन आठवडे उरले तेव्हा तो आमच्याकडे आला.

लसीचं इथेच सांगून टाकतो. ज्याला संसर्ग झालेला आहे त्याला लसीचा उपयोग नाही. शिवाय लसीत एचबीएसएजीच असतं, त्यामुळे टोचल्यावर काही दिवस, कधी कधी अठरा दिवसांपर्यंत, निरोगी माणसाचीही टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. नर्सिंगला जाणारी एक मुलगी याच कारणाने घाबरून आली होती. कॉलेजने लस दिली आणि सहाव्या दिवशी मेडिकल झालं. तिचं अँटी-एचबीसी, म्हणजे लसीने नाही तर खऱ्या संसर्गानेच येणारी अँटिबॉडी, निगेटिव्ह, विषाणूचा डीएनए सापडला नाही, आणि चार आठवड्यांनी एचबीएसएजीही निगेटिव्ह. म्हणून लस घेतली असेल तर तारीख आम्हाला आधी सांगा. आणि मेडिकल अजून व्हायचं असेल तर त्याच्या आधीच्या महिन्यात ही लस घेऊ नका.

आता कागलच्या मुलाचं आम्ही काय केलं ते. आधी एचबीएसएजी कार्डवर न करता मशीनवर केलं, कारण मशीन नुसतं हो किंवा नाही न सांगता आकडा देतं. आकडा एकच्या जरासा वर असेल तर खोट्या पॉझिटिव्हची शंका घ्यायला जागा असते. तेव्हा आम्ही न्यूट्रलायझेशन करून घेतो. नमुन्यात एचबीएसएजीला पकडणारी अँटिबॉडी मिसळायची आणि पुन्हा मोजायचं. आकडा निम्म्याहून खाली पडला तर पॉझिटिव्ह खरा. याचा आकडा हजाराच्या पुढे होता, त्यामुळे लसीवर किंवा मशीनच्या चुकीवर ढकलायला वावच नव्हता. सोबत अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह आणि ताज्या संसर्गात दिसणारं त्याचं आयजीएम निगेटिव्ह. ही जोडी सहसा जुन्या संसर्गाकडे बोट दाखवते.

पण सहसा म्हणजे पुरावा नव्हे. पॉझिटिव्ह सहा महिन्यांहून जास्त टिकलं तरच संसर्ग दीर्घकालीन म्हणतात. त्यामुळे तज्ज्ञ "सहा महिन्यांनी परत या" म्हणतात आणि व्हिसा तिथेच अडकतो. यावर एक उपाय आहे, आणि तो लोकांना सुचत नाही : जुना रिपोर्ट. आम्ही त्याला विचारलं, कधी रक्तदान केलंय का? केलं होतं, २०२१ साली गणपतीत मंडळाच्या शिबिरात. नंतर रक्तपेढीतून फोन आला होता, 'या म्हणाले, मी गेलो नाही.' गेला, नोंद मिळाली, एचबीएसएजी रिॲक्टिव्ह. सहा महिन्यांचा प्रश्न एका कागदावर मिटला. रक्तदान, ऑपरेशनआधीच्या तपासण्या, विम्याचं मेडिकल, बायकांच्या बाबतीत गरोदरपणाची फाईल, यापैकी काहीतरी घरात असतंच. आमच्याकडे येण्याआधी कपाट उपसा.

पुढचे रिपोर्ट असे आले : विषाणू जोरात वाढत असल्याची खूण असलेलं एचबीईएजी निगेटिव्ह, त्याविरुद्धची अँटिबॉडी अँटी-एचबीई पॉझिटिव्ह, लिव्हरची सूज दाखवणारं एएलटी २६, एएसटी २४, प्लेटलेट २ लाख ४० हजार, डीएनए ६४० आययू प्रति मिलिलिटर. आकडे बघून हिशेब असा करायचा : एएसटी २४ भागिले लॅबची वरची मर्यादा ४०, म्हणजे ०.६; त्याला प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याने, म्हणजे २४० ने भागून शंभराने गुणलं की ०.२५. याला एप्री म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ०.५ च्या पुढे लिव्हरवर व्रण पडत असल्याची शंका घेतात. त्याच सूचनांत डीएनए २००० च्या वर आणि सोबत एएलटी वाढलेलं असेल तर उपचाराचा विचार करतात. हा दोन्हींत खाली होता. तज्ज्ञांनी लिव्हरचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन केलं, ते ४.९ आलं; काळजीची रेघ ७ ला असते. त्यांनी अहवालात लिहिलं की सध्या उपचारांची गरज नाही, दर सहा महिन्यांनी एएलटी आणि डीएनए बघायचं. हा अहवाल मुदतीच्या चार दिवस आधी गेला. पुढचा निर्णय त्या देशाचा, त्यावर जाहिरात करणं आम्हाला पटत नाही.

आमच्या काही पद्धतींवर ग्राहक कुरकुर करतात, त्यांचंही सांगतो. पासपोर्ट बघितल्याशिवाय या कामाचा नमुना आम्ही घेत नाही. रिपोर्टवर पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख नसेल तर तो कागद कुणाचाही असू शकतो, आणि तज्ज्ञही त्यावर सही करायला कचरतात. शनिवारी दुपारनंतर डीएनएचा नमुना घेत नाही. रक्तातला प्लाझ्मा लवकर वेगळा करून थंड ठेवून मुंबईला पाठवावा लागतो आणि रविवारी कुरिअर नसतो. वाटेत गरम झालेल्या नमुन्यात आकडा कमी दिसू शकतो. डीएनए महाग आहे हे खरं. म्हणून आम्ही रक्त एकदाच घेतो, प्लाझ्मा गोठवून ठेवतो, आणि पहिल्या टप्प्यात पॉझिटिव्ह पक्कं झालं तरच डीएनए पाठवतो. नर्सिंगच्या त्या मुलीचा डीएनए आम्ही चौथ्या दिवशी पाठवला, तोही तिच्या वडिलांना कारण सांगून.

नमुना देण्याआधी गोळ्या सुरू करू नका. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरने डीएनए पटकन खाली जातो, मग मूळचा आकडा किती होता हे कुणालाच कळत नाही आणि उपचार खरंच लागत होते का, यावर तज्ज्ञ अडतात. पण सुरू झाल्याच असतील तर मनाने बंदही करू नका. त्याने लिव्हरची सूज अचानक उसळू शकते. गोळ्यांनी विषाणू दबतो. एचबीएसएजी मात्र फार थोड्या लोकांचं जातं, तेही वर्षानुवर्षांनी. 'महिन्यात निगेटिव्ह करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी एवढं लक्षात ठेवा. काविळीचा झाडपाला, नाकात टाकायचं औषध यांचंही तसंच. काहींनी उलट एएलटी वाढतं, आणि चांगल्या लिव्हरचा रिपोर्ट बिघडून येतो. तालमीतल्या मंडळींनी नमुन्याआधी आठवडाभर जोर-बैठका थांबवाव्यात, दुखऱ्या स्नायूंतूनही एएसटी वाढतं. दारूचं वेगळं सांगायला नको.

देशादेशांत फरक आहे. न्यूझीलंड जास्त मुदतीच्या व्हिसासाठी हिपॅटायटिस बी बघतं. ऑस्ट्रेलिया सगळ्यांचं बघत नाही. डॉक्टर, नर्स, दंतवैद्य म्हणून जाणारे आणि गरोदर स्त्रिया यांचं बघतं. या दोन्हीकडे चांगल्या अहवालाला किंमत आहे. आखाती देशांच्या मेडिकलमध्ये मात्र खरा पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा 'अनफिट', मग डीएनए कितीही कमी असो. तिकडे जाणाऱ्यांना आम्ही फक्त पॉझिटिव्ह खरा आहे का एवढंच बघा म्हणतो, पूर्ण पॅकेज गळ्यात मारत नाही.

घरच्यांची तपासणी मात्र सगळ्यांनीच करावी. कागलच्या मुलाच्या आईचं पॉझिटिव्ह निघालं, म्हणजे त्याला ते बहुधा जन्मतःच आलं होतं. बहिणीचं निगेटिव्ह, अँटिबॉडीही नाहीत. तिला लस सुरू केली, आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. नवरा-बायको, मुलं, भावंडं, सगळ्यांचं एचबीएसएजी, संरक्षण आहे का हे सांगणारं अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी बघतो. घरचे एकत्र आले तर दरात सवलत आहे. एका ताटात जेवल्याने हा पसरत नाही, रेझर आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा. गोळ्या लागल्याच तर सरकारी कार्यक्रमात त्या मोफत मिळतात, कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी रुग्णालयात आधी चौकशी करा, मगच दुकानातून घ्या.

येताना मूळ पासपोर्ट, मेडिकलचा रिपोर्ट, तिकडून आलेलं पत्र आणि सापडलेले जुने कागद आणा. उपाशीपोटी यायची गरज नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसात ते दुपारी दोन या वेळेत आलात तर नमुना त्याच रात्री निघतो. डीएनएसकट सगळे रिपोर्ट साधारण पाच दिवसांत एकाच फाईलमध्ये मिळतात आणि तीच फाईल तज्ज्ञांकडे न्यायची. मुदत जवळ आली असेल तर काउंटरवर आधी तारीख सांगा, म्हणजे तज्ज्ञांची वेळ रिपोर्टची वाट न बघता आधीच मागून ठेवता येते.