फोटो उलटा असला तर चालतो, आरशातला नाही

चुंबकीय बलाच्या एका प्रश्नाचा फोटो माझ्याकडे आला. चौकोनभर फुल्या, डावीकडून उजवीकडे जाणारा एक बाण आणि त्याच्यावर लिहिलेला ‘e’, म्हणजे इलेक्ट्रॉन. बलाची दिशा कोणती?

फुल्यांचा अर्थ सोपा आहे. धनुष्यातून सुटलेला बाण आपल्यापासून दूर जात असेल तर त्याच्या शेपटीची पिसं फुलीसारखी दिसतात आणि आपल्याकडे येत असेल तर नुसतं टोक, म्हणजे ठिपका. इथे फुल्या आहेत, म्हणजे चुंबकीय क्षेत्र कागदाच्या आत जातंय. फोटो अंधूक असला की बारीक फुलीचाही ठिपका दिसतो आणि तेवढ्यानं उत्तर उलटं होतं. म्हणून हात उचलण्याआधी फोटो मोठा करून निदान तीन-चार खुणा नीट बघाव्यात.

आता फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम. तर्जनी, मधलं बोट आणि अंगठा एकमेकांशी काटकोनात धरायचे. तर्जनी क्षेत्राच्या दिशेनं, म्हणजे कागदात. मधलं बोट विद्युतधारेच्या दिशेनं. अंगठा बलाची दिशा सांगतो. मधलं बोट उजवीकडे धरलं तर अंगठा कागदाच्या वरच्या कडेकडे जातो. पण हे धन प्रभाराचं उत्तर झालं. इलेक्ट्रॉन ऋण आहे, तो उजवीकडे निघाला म्हणजे विद्युतधारा डावीकडे. मधलं बोट डावीकडे वळवलं की अंगठा खाली येतो. इलेक्ट्रॉनवरचं बल खालच्या दिशेनं.

त्याच चित्रात इलेक्ट्रॉनऐवजी तार असती आणि तिच्यावरचा धारेचा बाण उजवीकडे असता, तर बल वर. इथे पुष्कळ जण घसरतात. तारेत खरं तर इलेक्ट्रॉनच वाहतात, म्हणून ते दिशा पुन्हा एकदा उलटी करतात. तसं करायचं नाही. धारेचा बाण मुळातच इलेक्ट्रॉनच्या उलट काढलेला असतो, उलटापालट त्यातच होऊन गेलेली आहे.

किती बल, तेही बघू. इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला 20 लाख मीटर आणि क्षेत्र 0.01 टेस्ला घेतलं, तर F = qvB, म्हणजे प्रभार गुणिले वेग गुणिले क्षेत्र, याप्रमाणे बल येतं 3.2 × 10⁻¹⁵ न्यूटन. नगण्य वाटतं, पण इलेक्ट्रॉन इतका हलका की एवढ्या बलानं तो जेमतेम 1.1 मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरू लागतो. बल सतत गतीच्या काटकोनात असल्यामुळे वेग मात्र तेवढाच राहतो, फक्त दिशा बदलत जाते.

आता फोटोकडे येऊ. तो डोक्यावर उलटा आला तर? बाण डावीकडे जाताना दिसेल, फुल्या फुल्याच राहतील आणि डावा हात सांगेल: इलेक्ट्रॉनवर बल वर. पण फोटोतलं ‘वर’ म्हणजे छापील कागदावरचं ‘खाली’. उत्तर बरोबरच आहे, फक्त ते अक्षरं सरळ धरून सांगायचं.

आरशासारखा डावं-उजवं बदललेला फोटो मात्र फसवतो. काही फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो तसाच जतन होतो. त्यातही बाण डावीकडे जातो, फुल्या तशाच राहतात आणि इलेक्ट्रॉनचं उत्तर येतं ‘वर’. पण आरशात वर-खाली बदलत नाही, तेव्हा उत्तर ‘खाली’च यायला हवं होतं. इथे ते सरळसरळ चुकलं.

असं का व्हावं? मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. समजा, हे क्षेत्र तारेच्या एका वेटोळ्यानं तयार केलंय. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं धारा फिरली की वेटोळ्याच्या आतलं क्षेत्र कागदात जातं, म्हणजे फुल्या. आरशात तीच धारा काट्यांच्या उलट फिरताना दिसते. तशी धारा खरोखर वाहिली तर क्षेत्र कागदाबाहेर येईल, म्हणजे ठिपके. निसर्ग आरशात फुलीचा ठिपका करतो, पण कागदावर छापलेली फुली आरशातही फुलीच राहते. त्या फुल्यांच्या जागी ठिपके धरून पुन्हा हात लावा: इलेक्ट्रॉन डावीकडे, क्षेत्र बाहेर, बल खाली.

फुली दोन्हीकडून सारखीच दिसते, त्यामुळे तिच्यावरून फोटो आरशातला आहे हे कळत नाही. ते कळतं ‘e’ वरून. अक्षर सरळ धरलं की त्याचं उघडं तोंड उजवीकडे असतं. आरशातल्या फोटोत ते डावीकडे दिसतं.